धागा : यूपीएससीचे अटेम्प्ट उरलेत, पण वयाचं काय? (एनटी-डी, जन्म सप्टेंबर १९९१)

रानजाई
नमस्कार मंडळी. वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझी जन्मतारीख १० सप्टेंबर १९९१. जात वंजारी, राज्यात एनटी-डी. गाव बीड जिल्ह्यात, सध्या सासर नाशिक.

यूपीएससीचा फॉर्म २०१७ पासून २०२३ पर्यंत दरवर्षी भरला, आणि प्रत्येक वेळी जनरलमधून, कारण केंद्राचं सर्टिफिकेट काढायचं राहूनच गेलं. त्यातलं २०१९ ला सकाळचा जीएस दिला, पोटात दुखायला लागलं म्हणून दुपारच्या सी-सॅटला बसलेच नाही. २०२० ला हॉल तिकीट काढलं होतं, पण तेव्हा घरात वडील कोविडमधून नुकते उठलेले, म्हणून गेलेच नाही. बाकीच्या पाच वर्षी दोन्ही पेपर दिले. २०२४ ला लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली.

आता २०२६ ची प्रिलिम द्यावी असं घरचेच म्हणतायत. माझे नेमके किती अटेम्प्ट मोजले गेले? एनटी-डीला ४३ वर्षं असतात ना, ती यूपीएससीलाही चालतात का? क्लासवाल्यांना फोन केला तर ते आधी बॅचची फी सांगतात.

कट्ट्यावरचा_कलेक्टर
ताई, बिनधास्त राहा. मागासवर्गीयांना ४३ पर्यंत आहे, म्हणजे तुमच्याकडे २०३४ पर्यंत वेळ आहे. अटेम्प्टचं म्हणाल तर फॉर्म भरला की अटेम्प्ट गेला. सात वेळा भरलात, सात गेले. ओबीसीला नऊ असतात, दोन उरले.

प्रांत_ऑफिसचा_बाक
कलेक्टरसाहेब, नऊचा आकडा बरोबर. बाकी सगळं दुरुस्त करावं लागेल.

४३ वर्षं ही राज्याची मर्यादा, एमपीएससीची. २५ एप्रिल २०१६ च्या शासन निर्णयाने खुल्यांची ३३ ची ३८ झाली आणि मागासवर्गीयांची ४३. यूपीएससीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तिथे खुल्यांना ३२, ओबीसींना ३ वर्षं जास्त म्हणजे ३५, एससी-एसटींना ५ वर्षं जास्त म्हणजे ३७. एनटी-डी, एनटी-सी, व्हीजे असे कप्पे केंद्राला माहीतच नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे तुम्ही ओबीसी, नसेल तर जनरल. वंजारी केंद्राच्या यादीत आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आता अटेम्प्ट. नुसता फॉर्म भरून अटेम्प्ट जात नाही. प्रिलिमच्या दोन पेपरांपैकी कुठल्याही एका पेपरला प्रत्यक्ष बसलात की गेला. म्हणून २०२० मोजत नाहीत, हॉल तिकीट काढलेलं असलं तरी. पण २०१९ मोजतात. सी-सॅट दिला नाही म्हणजे पेपर तपासलाच जाणार नाही आणि निकालात नावच येणार नाही, हे खरं, पण जीएसच्या वर्गात बसून उत्तरपत्रिका दिली ना? झालं. उमेदवारी नंतर रद्द झाली तरीसुद्धा हजेरी मोजली जाते, हे नियमातच लिहिलंय.

म्हणजे २०१७, १८, १९, २१, २२, २३. सहा झाले. जनरल म्हणून सहाच असतात, ते संपले. ओबीसी म्हणून नऊ, तीन उरले. ते सहा जनरलमधून दिले म्हणून वेगळ्या खात्यात जात नाहीत, माणूस तोच आणि खातं एकच.

रानजाई
बापरे, २०१९ चं मी धरलंच नव्हतं. म्हणजे तीन उरले ना? २०२६, २७, २८?

प्रांत_ऑफिसचा_बाक
नाही. इथेच सगळे फसतात, म्हणून सावकाश सांगतो.

अटेम्प्ट आणि वय ही दोन वेगळी फाटकं आहेत, दोन्हीतून एकाच वेळी आत जावं लागतं. यूपीएससीत वय मोजतात परीक्षेच्या वर्षाच्या १ ऑगस्टला. प्रिलिम मे-जूनमध्ये असते, मेन्स त्यानंतर काही महिन्यांनी, पण तारीख तीच. आणि शब्दरचना अशी आहे की त्या दिवशी ३२ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. २०२५ च्या जाहिरातीत लिहिलं होतं की खुल्या उमेदवाराचा जन्म २ ऑगस्ट १९९३ च्या आधीचा नसावा. १ ऑगस्ट १९९३ ला जन्मलेल्याची त्याच दिवशी ३२ पूर्ण होतात, तो बाहेर. दुसऱ्या दिवशी जन्मलेला आत.

ओबीसीसाठी त्यात ३ वर्षं मागे जा. २०२६ ला जन्म २ ऑगस्ट १९९१ किंवा त्यानंतरचा हवा. तुमचा १० सप्टेंबर १९९१, म्हणजे १ ऑगस्ट २०२६ ला तुम्ही ३४ वर्षांच्या, आत बसता. २०२७ ला हीच रेघ २ ऑगस्ट १९९२ वर सरकते आणि तुम्ही मागे राहता. म्हणून कागदावर तीन अटेम्प्ट, हातात एकच. उरलेले दोन वयाने खाल्ले.

तुम्ही जुलैत जन्मला असतात तर २०२६ सुद्धा गेलं असतं. मे महिन्यात पेपर देताना ३४ च असता, पण १ ऑगस्टला ३५ पूर्ण, म्हणून फॉर्मच चालला नसता.

एकजूनवाला
हे वाचून जखमेवर मीठ. माझी आई सांगते की मी दिवाळीनंतरचा, नोव्हेंबर १९९३ चा. पण गुरुजींनी शाळेत नाव घालताना वर्गातल्या निम्म्या पोरांना १ जून लावला, मीही त्यातलाच. दहावीच्या प्रमाणपत्रावर १ जून १९९३. जनरलमधला आहे. २०२५ चा फॉर्म भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मी २०२४ लाच संपलो होतो. ग्रामपंचायतीतला जन्मदाखला आहे, नोव्हेंबरचाच. तो लावून काही होईल का?

प्रांत_ऑफिसचा_बाक
नाही होणार. दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख तीच जन्मतारीख, असं आयोग स्पष्ट लिहितो. पत्रिका, प्रतिज्ञापत्र, पालिकेचा जन्माचा उतारा, यातलं काहीही वयाचा पुरावा म्हणून घेत नाहीत. शिवाय एकदा नोंदवलेली जन्मतारीख पुढे कुठल्याही कारणाने बदलून मिळत नाही. १ जूनची पोरं १ ऑगस्टच्या रेषेला दरवर्षी अशीच कापली जातात. नोव्हेंबर धरला असता तर २०२५ मिळालं असतं तुम्हाला.

सिंहगड_रोड_४११०३०
मी मराठा, एसईबीसी सर्टिफिकेट आहे. राज्यसेवेला ४३ मिळतात असं जाहिरातीत वाचलं. मग यूपीएससीत पण ओबीसीसारखे नऊ अटेम्प्ट मिळतील ना? पाच झालेत माझे.

कट्ट्यावरचा_कलेक्टर
एसईबीसी म्हणजे मागासवर्गच की. मिळायला हवेत.

प्रांत_ऑफिसचा_बाक
मिळायला हवेत की नकोत हा वेगळा धागा होईल, आणि इथे नको. आज मिळत नाहीत. एसईबीसीचं १० टक्के आरक्षण २०२४ च्या राज्याच्या कायद्यातलं आहे, राज्यातल्या शिक्षणापुरतं आणि राज्याच्या नोकऱ्यांपुरतं. केंद्राच्या ओबीसी यादीत मराठा नाही. त्यामुळे यूपीएससीला तुम्ही जनरल, किंवा उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस. दोन्हीत अटेम्प्ट सहा आणि वय ३२. तुमचा एक उरलाय.

घाटावरची_सई
माझा मुद्दा नेमका हाच. मी ब्राह्मण, ईडब्ल्यूएस. एमपीएससीच्या जाहिरातीत मागासवर्गीयांच्या रांगेतच आ.दु.घ. लिहितात आणि ४३ वर्षं देतात. यूपीएससीत ईडब्ल्यूएसच्या जागा राखीव आहेत, पण वयात एक दिवसाची सूट नाही आणि अटेम्प्टही जनरलइतकेच. तीच मी, तेच उत्पन्न, दोन आयोगांत दोन वागणुका. माझ्या बाबांना हे दहा वेळा सांगूनही पटत नाही, त्यांना वाटतं मीच नीट वाचत नाही.

नाना_निवृत्त
आमच्या वेळी काय होतं ते ऐका. २०१३ पर्यंत खुल्यांना चारच अटेम्प्ट होते आणि वय ३०. २०१४ च्या परीक्षेपासून सगळ्यांना दोन जास्त दिले आणि वयही दोन वर्षांनी वाढलं. तेव्हापासून दरवर्षी कुणीतरी म्हणतं, यंदा परत वाढणार. माझा पुतण्या या आशेवर दोन वर्षं नोकरी न धरता बसला होता.

कोविडच्या वेळी तर ज्यांचा ४ ऑक्टोबर २०२० चा शेवटचा अटेम्प्ट होता ती मुलं सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने जादा संधी नाकारली. रानजाई, तुम्ही त्या दिवशी घरी थांबलात हेच बरं झालं. परीक्षा देऊन आल्यावर त्याचा हिशेब मिटवता येत नाही.

कट्ट्यावरचा_कलेक्टर
बरं, यूपीएससी राहू दे. एमपीएससीला तर ताईंना ४३ आहेतच आणि अटेम्प्टही नऊ. तिथे तरी मी बरोबर आहे.

पीएसआय_होणार_होते
अर्धंच. एमपीएससीने ३० डिसेंबर २०२० ला खुल्यांना सहा, ओबीसींना नऊ अशी मर्यादा जाहीर केली होती, त्यावरून केवढा गोंधळ झाला आठवतंय. पुढे २०२२ मध्ये आयोगाने ती मागे घेतली. आज राज्यसेवेला अटेम्प्टचं मोजमाप नाही, वय असेपर्यंत द्या.

आणि ४३ सगळ्या पदांना नाही. मी पोलीस उपनिरीक्षक करत होते. त्या पदाला खुल्यांना ३१, मागासवर्गीयांना ३४. एकाच संयुक्त परीक्षेचा फॉर्म भरायचा, त्यात सहायक कक्ष अधिकाऱ्याला ४३ आणि पीएसआयला ३४. मी ४३ डोक्यात ठेवून निवांत ग्राउंड मारत बसले होते. रानजाई, तुमची सप्टेंबरातच ३४ पूर्ण झाली, तेव्हा पीएसआयचा विचार सोडा. राज्यसेवा मात्र बरीच वर्षं आहे.

अजून एक. यूपीएससीसारखी कायमची १ ऑगस्ट इथे धरू नका. वय कुठल्या तारखेला मोजणार ते प्रत्येक जाहिरातीत वेगळं छापलेलं असतं. मधे तर ३ मार्च २०२३ चा शासन निर्णय आला होता, त्यात २०२३ अखेरपर्यंतच्या जाहिरातींना दोन वर्षं जास्त दिली होती, ४० आणि ४५. कुणाच्या तरी जुन्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये ते ४५ अजून फिरतंय. त्याची मुदत संपली.

रानजाई
थोडं थोडं डोक्यात शिरतंय. म्हणजे २०२६ यूपीएससी ओबीसीतून, एकच, आणि राज्यसेवा एनटी-डीतून. आता सर्टिफिकेट. माझ्याकडे राज्याचं नॉन-क्रिमिलेयर आहे, माहेरचं, २०२२ चं. आणि दुसरी भीती अशी की मिस्टर एका कंपनीत आहेत, त्यांचा पगार वर्षाला आठ लाखांच्या वर आहे. मग मी क्रिमिलेयर झाले का?

कट्ट्यावरचा_कलेक्टर
झालात. आठ लाखांच्या वर गेलं की संपलं. घरात एकत्र उत्पन्न धरतात.

प्रांत_ऑफिसचा_बाक
कलेक्टर, तुम्ही मला आज जेवू देणार नाही.

क्रिमिलेयर आई-वडिलांवरून ठरतो. उमेदवाराचा स्वतःचा पगार नाही आणि नवऱ्याचा पगार तर नाहीच. केंद्राच्या कार्मिक विभागाचा २००४ चा खुलासा आहे त्यावर. जातही वडिलांकडूनच येते, लग्नाने बदलत नाही. शिवाय आठ लाखांची जी मर्यादा आहे त्यात आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरीवाल्यांचं पदावरून ठरतं, उत्पन्नावरून नाही. रानजाई, वडील काय करतात?

रानजाई
शेती. आई अंगणवाडी सेविका.

प्रांत_ऑफिसचा_बाक
मग काही अडचण दिसत नाही. पण २०२२ चं राज्याचं सर्टिफिकेट यूपीएससीला चालणार नाही, दोन कारणांनी. एक म्हणजे केंद्राच्या नमुन्यातलं हवं, त्यावर केंद्राच्या यादीचा ठराव क्रमांक असतो. दुसरं तारखेचं. २०२५ च्या परीक्षेला आयोगाने मागितलं होतं की सर्टिफिकेट २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४ या तीन वर्षांच्या उत्पन्नावर असावं, १ एप्रिल २०२४ ला किंवा त्यानंतर काढलेलं असावं आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आत असावं. त्याच हिशेबाने तुम्हाला १ एप्रिल २०२५ नंतरचं लागेल. जाहिरात आली की तारीख परत तपासा.

आजच बीडला अर्ज टाका. फॉर्मची मुदत जेमतेम तीन आठवडे असते, तेवढ्यात प्रांताची सही होईलच असं धरून चालू नका. सर्टिफिकेट मुदतीनंतरच्या तारखेचं निघालं तर तुम्ही जनरल ठरता. आणि जनरल ठरलात तर तुमचं वयही संपलंय आणि अटेम्प्टही. दुसऱ्या कुणाची नुसती जागा बदलते, तुमची उमेदवारीच जाते.

सेतू_केंद्र_चालक
हे वर लिहिलंय ते बरोबर, पण खिडकीवर काय होतं ते सांगतो. लग्न झालेली बाई आली की बरेच क्लार्क नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागतात. वडिलांचा तीन वर्षांचा उत्पन्न दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, स्वतःचं जातीचं प्रमाणपत्र आणि लग्नाआधी-नंतरच्या नावाचा पुरावा, हे सगळं एकत्र घेऊन जा. अर्जात "केंद्र शासनाच्या सेवेसाठी" हा पर्याय निवडलाय का ते पावतीवर बघा. आमच्याकडे अर्धे लोक राज्याचा नमुना घेऊन जातात आणि जानेवारीत धावत परत येतात.

घाटावरची_सई
नावावरून आठवलं. रानजाई, लग्नानंतर नाव बदललंय का? पुण्याच्या त्या प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंचं प्रकरण झालं ना, जुलै २०२४ मध्ये उमेदवारी रद्द केली. तेव्हा आयोगाने सांगितलं होतं की स्वतःचं आणि आई-वडिलांचंही नाव बदललं गेल्यामुळे अटेम्प्टची संख्या पकडता आली नाही. त्यानंतर नावाच्या बाबतीत जास्तच बघत असणार.

रानजाई
आधारवर सासरचं आहे, दहावीला माहेरचं. फसवायचं काय, मला तर उलट सगळे सहा मोजून दाखवायचेत.

प्रांत_ऑफिसचा_बाक
मग सरळ आहे. नोंदणीत दहावीप्रमाणे नाव आणि बदललं असेल तर त्यासाठी जिथे विचारतात तिथे "हो" लिहून नवं नाव. लपवण्याचा प्रश्न येतो तो नऊ ओलांडलेल्यांना.

सिंहगड_रोड_४११०३०
एक शंका, ताईंसाठीच. समजा ताईंना जनरलच्या कटऑफपेक्षा जास्त मार्क पडले. मग त्या खुल्या जागेवर जातील ना? माझा मित्र म्हणतो मेरिटवर आलात की आपोआप खुल्यात.

प्रांत_ऑफिसचा_बाक
इथे मित्र चुकतोय. मेरिटवर खुल्यात मोजतात, पण कुठलीही सवलत न घेता आलेल्याला. १ जुलै १९९८ चा कार्मिक विभागाचा आदेश आहे की वय किंवा संधींची संख्या यांत सूट घेतली असेल तर त्या उमेदवाराला राखीव जागेवरच मोजायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दीपा ई. व्ही. प्रकरणात ते मान्य केलं. रानजाईंचा सातवा अटेम्प्ट आणि ३४ वय, दोन्हीकडे सूट घेतलेली. त्यामुळे कितीही मार्क पडले तरी ओबीसीच. फी माफीचं मात्र तसं नाही.

पीएसआय_होणार_होते
आणि राज्यसेवेत? तिथे त्या ३८ च्या आतच आहेत, सूट घ्यायची वेळच नाही आली. चाळिशीतल्या एनटी-डी उमेदवाराने ४३ ची सूट घेतली आणि खुल्याच्या कटऑफच्या वर आला, तर?

प्रांत_ऑफिसचा_बाक
जितेंद्रकुमार सिंग प्रकरणात २०१० ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की वयाची सूट म्हणजे गुणवत्तेत सूट नव्हे, पण ते उत्तर प्रदेशच्या त्यांच्या कायद्यावर होतं. प्रत्येक राज्याचा नियम काय लिहितो त्यावर जातं. ज्याचं हे प्रकरण असेल त्याने आपल्या जाहिरातीतलं कलम इथे टाकावं, मग बोलू.

एकजूनवाला
चाळिशीतला नाही, पण माझा चुलतभाऊ आहे ३९ चा, ओबीसी. त्याची जाहिरात शोधून टाकतो. मला राज्यसेवेला ३८ आहेत ना? म्हणजे १ जून २०३१ पर्यंत?

पीएसआय_होणार_होते
त्या वर्षीच्या जाहिरातीत जी तारीख असेल तिच्यावर. १ जूनने तिथे तरी तुम्हाला फार त्रास देऊ नये अशी आशा.

रानजाई
आज सासऱ्यांबरोबर बीडला निघालेय, वडिलांचा सोडल्याचा दाखला जिल्हा परिषद शाळेतून काढायचाय. सेतूवाले दादा, क्लार्कने नवऱ्याचा दाखला मागितलाच तर त्याला कुठला कागद दाखवू?

सेतू_केंद्र_चालक
कार्मिक विभागाच्या त्या २००४ च्या पत्राची प्रिंट. आणि क्लार्क ऐकत नसेल तर वाद नको, थेट नायब तहसीलदारांकडे जा. सोमवारी जाऊ नका, सोमवारी तिथे सगळा तालुका असतो.